चार टन कमी पडलेलं लोखंड

मार्चची २९ तारीख. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत स्टॉकची मोजणी झाली आणि पिग आयर्न पुस्तकापेक्षा बरोबर ४ टन कमी भरलं. मालकांनी स्टोअरच्या अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. वीस वर्षं किल्ल्या सांभाळलेला माणूस, खाली मान घालून बाहेर आला. कोणाशीच बोलला नाही.

मला ते 'बरोबर ४' खटकत होतं. घट आली तर ती किलोंच्या विचित्र आकड्यात येते. ४ टन म्हणजे आमच्याकडे येणारी एक अख्खी खेप.

बॅलन्स कन्फर्मेशनसाठी मागवलेला कोल्हापूरच्या सप्लायरचा खातेउतारा त्याच दुपारी आला. त्यांच्या उताऱ्यापेक्षा आमच्या पुस्तकात त्यांचं देणं १,८८,८०० रुपयांनी जास्त. दर ४० रुपये किलो, म्हणजे ४ टनांचे १,६०,०००, वर १८ टक्के आयजीएसटी २८,८००. एका बिलाची रक्कम, पैसासुद्धा इकडेतिकडे नाही.

फाईल काढली. जानेवारीत ट्रकबरोबर आलेली ट्रान्सपोर्टरची प्रत होती, कोपऱ्यावर काळ्या बोटांचे ठसे. तिला काटा पावती जोडलेली, माल मिळाल्याचा स्टोअरचा कागद म्हणजे जीआरएन जोडलेला. त्याच बिलाची मूळ प्रत फेब्रुवारीत टपालानं आली, कोरी, घडी न मोडलेली, मागे काहीच जोडलेलं नाही. पहिल्या नोंदीत बिल नंबर पूर्ण होता, दुसरीत नुसता ४१७. नंबर वेगळा म्हणून सॉफ्टवेअरनं हटकलं नाही. आणि ती दुसरी नोंद माझ्या लॉगिनवरची होती.

ट्रायल बॅलन्स दोन्ही महिने जुळली होती. जुळणारच, खरेदी वाढली तेवढंच देणंही वाढलं. सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये मात्र बिल एकदाच होतं. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट आम्ही त्यावरूनच घेतो, त्यामुळे ते तेवढं दोनदा घेतलं गेलं नाही. २बी आणि खरेदी रजिस्टर दर महिन्याला ओळीनं ताडून पाहिलं असतं, तर हे फेब्रुवारीचा महिना बंद करतानाच हाती लागलं असतं. आम्ही फक्त बेरीज बघत होतो.

सहकारी म्हणाला, "डेबिट नोट काढून टाक." मी नको म्हटलं. सप्लायरनं बिल एकदाच केलंय, चूक त्याची नाही, मग त्याच्या नावावर कागद कशाला? नोंद गुपचूप उडवणंही मला पटेना. देणं नावे टाकलं, खरेदी आणि आयजीएसटी जमेकडं उलटवले, स्टॉकमधून ४ टन वजा केले. नॅरेशनमध्ये दोन्ही व्हाउचरचे नंबर आणि कारण लिहिलं. पुस्तक आणि गोदाम जुळलं.

माझं ठाम मत आहे, माल कमी पडला की आधी त्या मालाची प्रत्येक खरेदी काटा पावतीला लावून बघा. पावती नसलेलं बिल सापडेपर्यंत स्टोअरवाल्याला केबिनमध्ये बोलावू नका.

मालकांना दोन्ही प्रती दाखवल्या. ते उठून स्वतः स्टोअरमध्ये गेले. मागोमाग मी गेलो आणि म्हणालो, "अण्णा, ती नोंद माझी होती." अण्णांनी माझ्या हातातली कोरी प्रत घेतली, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, "ह्याला काट्याची पावतीच नाही की रे."