सर्टिफिकेट की सहा हजार

तर कोर्स संपला. एसक्यूएलचा. व्हिडिओ संपले, असाइनमेंट संपल्या, शेवटची क्विझ पण झाली आणि स्क्रीनवर भलामोठा हिरवा चौकोन आला की अभिनंदन, सर्टिफिकेटवर नाव कसं हवंय ते कन्फर्म करा. कुठलाही सरळमार्गी माणूस इथे कन्फर्म दाबतो आणि स्टेटसला टाकून मोकळा होतो. पण माझी रूममेट एलएलबी करते, त्यामुळे आमच्या रूमवर सरळमार्गी काहीच होत नाही. ती मॅगी खाता खाता म्हणाली, "ए थांब, बटनाला हात लावू नकोस, आधी टर्म्स उघड."

आता प्लॅन काय होता ते सांगते. मंथली महाग पडत होता म्हणून वर्षाचा घेतला, ऑफरमध्ये ५,९९९ रुपये. मला हवा होता तो एकच कोर्स, तो सुट्टीत रट्टा मारून उरकला, बाकीचं वर्षभर त्या प्लॅटफॉर्मवर मी काय करणार, सिरॅमिक पॉटरी शिकणार? (आहे तिथे. तीन लेव्हल आहेत.)

टर्म्सचं पान मी पहिल्यांदाच उघडलं, तुम्हीही कधी उघडलं नसेल, उगाच नाटकं नकोत. सगळ्यात खाली, फिकट राखाडी अक्षरात लिंक असते, मेनूत नसतेच. उघडल्यावर कंट्रोल एफ मारून refund शोधायचं, पहिल्यापासून वाचायला गेलात तर "या करारात 'तुम्ही' म्हणजे तुम्ही" इथेच झोप लागते. आमचं कलम असं होतं: मंथलीला रिफंड नाही. वर्षाच्या प्लॅनला पेमेंटपासून चौदा दिवसांत पूर्ण रिफंड, मात्र त्या काळात सर्टिफिकेट इश्यू झालं असेल तर नाही. आणि खाली अजून एक ओळ, की सबस्क्रिप्शन कॅन्सल करणं म्हणजे रिफंड मागणं नव्हे.

या शेवटच्या ओळीवर रूममेट एवढी खूश झाली की मॅगी थंड झाली. तिचं म्हणणं, लोक फसतात ते इथेच. कॅन्सल केलं की फक्त पुढच्या वर्षीचे पैसे कापायचे थांबतात, भरलेले परत येत नाहीत. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि तो भरेपर्यंत लोक "केलं की मी कॅन्सल" म्हणत निवांत बसतात, तोवर चौदा दिवस उलटतात. आणि ॲप डिलीट केल्याने तर काहीच होत नाही, फोनमधली जागा तेवढी सुटते.

मग चौदा दिवस मोजायला बसलो. पेमेंट केलं होतं ४ जूनला रात्री एक वाजता, कारण ऑफर संपायचं घड्याळ तेव्हाच टिकटिक करत होतं. म्हणजे १८ तारखेपर्यंत आरामात, असं मी बोटांवर मोजलं. रूममेटने पावती उघडली तर तारीख ३ जून! पावती यूटीसी वेळेत होती, ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे आपला रात्री एक म्हणजे त्यांचा आदल्या संध्याकाळचा साडेसात. म्हणजे तास धरून मोजले तरी मुदत १८ तारखेला रात्री एकलाच संपत होती, १८ला सकाळी चहा पिऊन निवांत फॉर्म भरणारा माणूस गेला कामातून. आम्ही १६ तारीख धरली, वाद नको.

आता राहिला खरा प्रश्न, सर्टिफिकेट. आईला फोन केला.

"अगं पण सर्टिफिकेटच घ्यायचं नाही तर शिकलीस कशाला?"

"आई, सहा हजार परत येतायत."

"मावशीला काय दाखवू मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण सीनियर्सना विचारलं तर ते म्हणाले इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला समोर लॅपटॉप ठेवतात आणि जॉइन लिहून दाखव म्हणतात, सर्टिफिकेट कुणी मागत नाही. कॉलेजला क्रेडिटसाठी हवं असतं तर मी गुपचूप कन्फर्म दाबलं असतं आणि रिफंडचं नाव काढलं नसतं, ते तुमचं तुम्ही आधी बघा. मला नको होतं. सहा हजारांची फ्रेम भिंतीला लावण्याइतकी आमची भिंतही चांगली नाही.

मग कॅन्सल. अकाउंट, बिलिंग, मॅनेज प्लॅन, आणि तिथून पुढे लग्नघरातून निघताना होतं तसं, चपला घालून झाल्या तरी सोडत नाहीत. आधी विचारलं का जाताय. मग म्हणे एक महिना फ्री घ्या. मग म्हणे निम्म्या किमतीत राहा. शेवटी दोन बटनं आली, मोठं निळं "मला पुढे जायचंय" आणि त्याखाली बारीक "नाही, मला करिअरमध्ये प्रगती नको". मी प्रगती नको वर क्लिक केलं. रूममेट लगेच सांगायला लागली की ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या तेरा प्रकारांची डार्क पॅटर्न म्हणून यादी काढलीय, गिऱ्हाइकाला असं लाजवणं त्यात आहे आणि सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडू न देणं पण आहे, १९१५ ला फोन करू का? म्हटलं बाई, आधी स्क्रीनशॉट घे. घेतला. कन्फर्मेशनचा मेल आला, तोही जपला. मग रिफंडचा फॉर्म वेगळा भरला, ऑर्डर नंबर, पेमेंटची तारीख (त्यांची, माझी नव्हे), कारण. कारणात "कोर्स संपला" असं खरं लिहिलं. तिकीट नंबर आला.

तरी एक गाठ राहिलीच, बँकेची. कार्ड बाबांचं. पेमेंटच्या वेळी त्यांनी झोपेतून उठून ओटीपी सांगितला होता, त्याच ओटीपीत दरवर्षी आपोआप कापायची परवानगी पण गेली होती, आणि पुढच्या वर्षी ऑफर नाही, रेग्युलर रेट, ११,९९९. आरबीआयच्या नियमाने पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कापाकापीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त चोवीस तास आधी बँकेचा मेसेज येतो. आणि बाबांच्या फोनमध्ये बँकेचे वाचलेले मेसेज शून्य. म्हणून प्लॅटफॉर्मवर कॅन्सल झालं तरी बँकेच्या मँडेटच्या यादीत जाऊन तिथलंही रद्द करून टाकलं. फोनवर बाबांना एकेक बटन सांगत. "आता काय दिसतंय?" "आता परत लॉगिन कर म्हणतंय." असा पाऊण तास.

"रिफंड मंजूर, पाच ते सात कामकाजाचे दिवस" असा मेल आला. यात शनिवार-रविवार धरत नाहीत, मध्ये सुट्टी आली की गेलंच. मुदत उलटली तर त्या मेलमधला एआरएन नंबर कार्डवाल्या बँकेला द्यायचा, ते त्यावरून पैसे कुठे अडकलेत ते शोधतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

पैसे आले. माझ्याकडे नव्हे. ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत असं टर्म्समध्येच होतं, म्हणजे बाबांच्या क्रेडिट कार्डावर, आणि क्रेडिट कार्डावर पैसे आले की ते खात्यात दिसत नाहीत, बिल तेवढं कमी येतं. मी म्हटलं, "बाबा, सहा हजार आले ना?"

"कुठे? यावेळी बिलच कमी आलंय. बघ, काटकसर केली की असं होतं."

रूममेट म्हणते, ही रक्कम वसूल करायला कुठलंच कलम नाही.