लवकरच संपर्क करू

सोमवारी सकाळी आठला फोन वाजला. हरिपूरच्या काकू.

"दादा, मी दारात हाय."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की. डंकाला कुलूप हाय."

"काकू, सोमवारी डंक बंद असतो."

"मग राती मेसेज कशाला टाकला, आपलं स्वागत आहे म्हणून? स्वागताला आलोय तर कुलूप!"

मी बनियनवरच धावलो. दारात काकू, शेजारी रिक्षा आणि रिक्षात दहा किलो मिरचीचं पोतं. मी पोत्यात हात घातला. मिरची मऊ होती, दाबली तर चिंधीसारखी वाकत होती. अशी मिरची डंकात टाकली की तिचा गोळा होतो, मुसळाला चिकटते आणि कशीबशी कुटून दिलीच तरी पंधरा दिवसांत बरणीत बुरशी धरते. म्हणजे डंक उघडा असता तरीही ते पोतं परतच गेलं असतं.

रिक्षाचे येण्याजाण्याचे पैसे मी दिले. काकूंनी ते घेतले आणि वर म्हणाल्या, "मेसेज वाचूनच आले मी."

हा मेसेज दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लावून दिला होता. आधी त्यात ॲपचंच तयार इंग्रजी वाक्य होतं. पुतण्याने त्याचं मराठी केलं आणि पुण्याला निघून गेला. 'आपले स्वागत आहे. आपण संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क करू.' काकूंनी रविवारी रात्री साडेदहाला विचारलं होतं, "उद्या चटणी कुटून मिळंल का?" आणि क्षणात हे उत्तर. आता सांगा, 'मिळंल का' या प्रश्नाला समोरून 'स्वागत आहे' आलं, तर कोण त्याचा अर्थ नाही असा घेईल?

त्या रात्री मी नवा मेसेज लिहायला बसलो. पहिला खर्डा लग्नपत्रिकेसारखा झाला. श्रीगणेशापासून सुरुवात, मग वडिलांनी डंक कसा सुरू केला, मग 'आपली सेवा हेच आमचे ब्रीद' आणि सगळ्यात खाली, मानपानाच्या जागी, वेळ. बायकोने तो स्वतःच्या फोनवर उघडला. अर्ध्यावरच मजकूर तुटून 'Read more' आलं.

"वेळ कुठाय?"

"ते दाबलं की खाली आहे."

"काकू दाबतील?"

मी गणपती कापला. वडील कापले. ब्रीद कापताना जरा जड गेलं.

दुसऱ्या खर्ड्यात मी बँकेच्या फोनची नक्कल केली. 'दरासाठी १ पाठवा, वेळेसाठी २ पाठवा.' दोन दिवस लोकांनी इमानदारीत १ आणि २ पाठवले. पुढे काहीच झालं नाही, कारण हा मेसेज एकदा बोलून गप्प बसतो. समोरचा काय म्हणतोय हे त्याला कळत नाही. १ ला उत्तर द्यायला शेवटी मीच. एका गिऱ्हाइकाने १ पाठवला, मग २ पाठवला, मग ३ पाठवला. ३ मी दिलाच नव्हता. त्याने चिडून पाठवला असावा.

मग बायकोने मुद्द्याला हात घातला. म्हणाली, "लोक विचारतात काय, ते बघ ना." आम्ही जुने मेसेज काढून बसलो. शंभर तऱ्हेने लिहिलेले तीनच प्रश्न होते. चालू कधी असतो? मिरची काय करून आणायची? मिळणार कधी? दर फार थोडे जण विचारत, आणि दर मी मेसेजात घालणारही नव्हतो. मागे एकदा घातला होता. नंतर किलोमागे वाढवला, तर एक मामा जुन्या मेसेजचा फोटो दाखवून जुन्याच दराने कुटून घेऊन गेले.

स्वागताचा मेसेज तासाभरात झाला.

*नमस्कार. आमचा डंक मंगळवार ते रविवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ चालू. सोमवारी बंद.*
*मिरची देठं काढून, कडक वाळवून आणा. मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. मसाला घरून भाजून, पूर्ण गार करून आणा.*
*सकाळी ११ च्या आत आणलीत तर त्याच दिवशी ५ नंतर मिळेल. किती किलो आणि कोणत्या वारी आणणार, एवढं इथं लिहा.*

शेवटचं वाक्य बायकोचं. तोवर रोज सकाळी मी "किती किलो?" विचारायचो, दुपारी उत्तर यायचं, मग "कधी आणताय?" विचारायचो आणि संध्याकाळी उत्तर यायचं. आता दोन्ही गोष्टी आधीच लिहून येऊ लागल्या.

खरं युद्ध झालं ते बंद असतानाच्या मेसेजवर. ॲपमध्ये त्याचं नाव Away message, आणि तो Greeting message पेक्षा वेगळा असतो, हे मला त्याच आठवड्यात कळलं. स्वागताचा मेसेज गिऱ्हाईक पहिल्यांदा बोललं तर जातो, नाहीतर मधे १४ दिवस काही बोलणं झालेलं नसेल तर जातो. म्हणजे दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला तो दिसतच नाही. सोमवारची सुट्टी फक्त तिथे लिहून भागणार नव्हतं.

मी लिहिलं, 'डंक आत्ता बंद आहे. उद्या सकाळी उत्तर देऊ.' बायको म्हणाली, रविवारी रात्री हे गेलं तर? उद्या सोमवार! जो मेसेज कुठल्याही रात्री जाणार, त्यात 'उद्या' हा शब्दच चालत नाही. 'लवकरच' तर त्याहून वाईट. काकूंचं लवकरच सकाळी आठला उजाडलं होतं. मग मी लिहिलं, 'आमचं उत्तर येईपर्यंत मिरची घेऊन निघू नका.'

यावर आई उठून बसली. "गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणतोस? तुझ्या वडलांनी अर्ध्या राती सुद्धा डंक उघडलाय."

"आई, हे रात्रीपुरतं आहे."

"मग 'कृपया' तरी घाल."

कृपया घातलं. तरी आईचं समाधान होईना, म्हणून 'ही विनंती' पण घातलं. बायकोने रात्री गुपचूप दोन्ही काढलं. कारण फोनच्या पट्टीवर, मेसेज न उघडता, पहिले काही शब्दच दिसतात, आणि तिथे 'कृपया' दिसण्यापेक्षा 'बंद' दिसलेलं बरं.

*डंक आत्ता बंद आहे. आमचं उत्तर येईपर्यंत मिरची घेऊन निघू नका. मंगळवार ते रविवार सकाळी ९ ते ६ चालू, सोमवारी बंद. किती किलो आणि कोणता वार, लिहून ठेवा. डंक उघडला की सकाळी १० पर्यंत उत्तर देतो.*

मजकूर झाला, आता तो कधी जावा हे ठरवायचं. मी Always send निवडलं. नेहमी पाठवा, चांगलंच की! दुसऱ्या दिवशी भर दुपारी डंक धडाधड चाललाय, मी गल्ल्यावर बसलोय आणि माझा फोन गावभर सांगतोय की डंक बंद आहे. समोर उभ्या असलेल्या एका बाईने तो मेसेज मलाच वाचून दाखवला. "तुम्ही हाय का न्हाय, नक्की सांगा."

हवं होतं ते Outside of business hours. पण ते चालण्यासाठी आधी प्रोफाइलमध्ये वारवार वेळा भराव्या लागतात. मी भरल्या, सोमवार बंद केला आणि निश्चिंत झोपलो. सकाळी पाहिलं तर रात्री चार जणांनी विचारलेलं, आणि एकालाही मेसेज गेलेला नव्हता. पुतण्याला पुण्याला फोन लावला. त्याने सगळं तपासायला लावलं. सगळं बरोबर. मग त्याने विचारलं, "काका, रात्री नेट चालू असतं ना?"

नसतं. रात्री झोपताना मी नेट बंद करतो. बॅटरी वाचते आणि सकाळी सहाला फुलांचे फोटो येत नाहीत. फोनला नेट नसेल तर तो मेसेज पाठवणार कशाने? म्हणजे डंक बंद असल्याचा निरोप नेमका डंक बंद असतानाच जात नव्हता.

नेट चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी कुपवाडच्या मामांचा फोन. आवाज जड.

"मी तुला आत्याच्या ऑपरेशनचं कळवलं रात्री. तू मला विचारतोस, किती किलो?"

मामांची समजूत काढायला कुपवाडला जाऊन यावं लागलं. आल्यावर पुन्हा सेटिंग. Everyone not in address book केलं तर नातेवाईक सुटतात, पण माझी निम्मी गिऱ्हाइकंही 'हरिपूर काकू', 'माधवनगर पापडवाल्या' अशा नावांनी सेव्ह आहेत. तीही सुटतील. म्हणून Everyone except… घेतलं आणि नातेवाईक एकेक करून निवडून वगळले. बासष्ट निघाले. त्यातले किती जण खरंच बोलतात, हा हिशेब मी केला नाही.

शेवटी स्वागताचा मेसेज तपासायचा राहिला. बायकोच्या फोनवरून मेसेज केला, काही आलं नाही. येणार कसं, आमचं रोज बोलणं! बायको म्हणाली, "मग १४ दिवस अबोला धरू." इतक्या उत्साहाने म्हणाली की मी लगेच समोरच्या चहावाल्याच्या पोराचा नवा फोन मागून आणला. त्याने 'हाय' पाठवलं आणि आमचा मेसेज टुणकन आला. त्याने तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "दादा, पण आमच्यात विकतची चटणी असते."

मागच्या शनिवारी रात्री अकराला हरिपूरच्या काकूंचा मेसेज आला. त्यांना 'निघू नका' गेलं. त्यांनी ते वाचलं, कारण लगेच एक आवाजाचा मेसेज आला. आम्ही दोघांनी कान लावला. आधी थोडी खरखर, मग काकू कुणाला तरी म्हणतात, "धर रं फोन जवळ." मग एक बारीक आवाज, टप्प. पुन्हा एकदा, टप्प. आणि काकू: "ऐकू आलं का? हे कडकन धरायचं का न्हाय?"

बायकोने तो पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून एक ऊन पाहिजे."