कुत्र्याची जखम धुवायची, सापाची नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

«सिस्टर, तुमच्या लेखात मेळ नाही. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं साबणानं धुवा म्हणता आणि साप चावला तर जखमेला हात लावू नका म्हणता. दोन्हीकडे विषच ना? आणि आवळून बांधू नका हे तर अजिबात पटत नाही. आमच्या चुलत्यांना साप डसला तेव्हा वडिलांनी धोतराची पट्टी करकचून बांधली म्हणून ते वाचले. दवाखान्यात नेल्यावर तिथल्या सिस्टरनंही ती पट्टी लगेच सोडली नव्हती. बांधणं एवढं चूक असतं, तर तिनं आधी तीच कापली असती.»
– भोर तालुक्यातील एक वाचक

दादा,

तुमचा शेवटचा मुद्दा वाचून मी थांबले, कारण लेखात तो यायलाच हवा होता आणि मी तो लिहिला नव्हता. त्याच्याकडे येतेच. पण आधी धुण्याचं बघू, कारण बाकीच्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

कुत्र्याच्या चाव्यात विष नसतं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो आणि तो जखमेत लाळेबरोबर पडतो. तो रक्तातून धावत नाही. काही काळ तो जखमेतच, कातडी आणि स्नायूंत राहतो. मग जवळच्या नसेच्या टोकात शिरतो आणि नसेच्या आतून हळूहळू मेंदूकडे चढतो. त्याला बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणजे चावल्यानंतरच्या पहिल्या तासात शत्रू अजून दारातच उभा असतो. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण नेमकं तेच फोडतो. म्हणून वाहत्या नळाखाली, घड्याळ लावून १५ मिनिटं. उशीर झाला असेल तरीही धुवायचं.

केंद्रात आम्ही विचारतो, «धुतलं का?» प्रत्येकजण हो म्हणतो. माझ्या अनुभवात ते धुणं म्हणजे बहुधा एक तांब्या पाणी असतं, त्यावर चुना, हळद नाहीतर तिखट. म्हणून मी विचारणं सोडलं, सरळ रुग्णाला नळाखाली बसवून स्वतः पुन्हा धुवायला लागले. आधी तो चुना निघेपर्यंत, मग १५ मिनिटं. तिखटानं विषाणू मरत नाही, कातडी मात्र भाजते आणि दुखतं म्हणून माणूस नीट धुऊ देत नाही. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. टाके शक्यतो घालायचे नाहीत.

कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर रेबीजविरोधी सीरम लागतं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मधल्या काळात तयार प्रतिपिंडं जखमेतच हवी असतात. म्हणून ते सीरम वजनावर मोजून जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. ते दुखतं, लहान मूल किंचाळतं, आई म्हणते दंडात द्या ना. पण दंडात दिलं तर जिथं विषाणू आहे तिथं ते पुरेसं पोचत नाही. लस दंडावर, कातडीत द्यायची असेल तर त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही, पण लस त्याची वाट बघत थांबत नाही.

आता साप. सापाचे विषदात म्हणजे सुईच. विष कातडीच्या वर सांडत नाही, आत टोचलं जातं. नळाखाली धरून जे धुऊन निघेल ते तिथं नसतंच. मग धुतलं तर बिघडलं काय? हे विष बहुतांशी लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतं, आणि स्नायू हलला की या वाहिन्या पिळल्या जाऊन विष पुढे ढकललं जातं. चोळून धुणं, नळापर्यंत चालत जाणं, घाबरून पळणं, हे सगळं त्याला पुढे रेटणंच आहे. म्हणून माणसाला आडवं करायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला नाहीतर काठीला सैल बांधून, मोडलेलं हाड सांभाळतो तसा स्थिर ठेवायचा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, घड्याळ काढायचं आणि उचलून न्यायचं.

आणि आता तुमची पट्टी. कोणाचं नाव-गाव कळणार नाही अशा बेतानं एक प्रसंग सांगते. भात-आवणी संपली होती, बांधावरचं गवत कापायचं चालू होतं. चाळिशीचा माणूस, उजव्या हाताच्या बोटाला साप डसला. बरोबरच्यांनी मनगटाला रुमाल आणि कोपराच्या खाली नायलॉनची दोरी आवळली. केंद्रात पोचायला दीड तास लागला. हात थंड, निळसर, बोटं सुजून टम्म. मनगटाची नाडी लागत नव्हती. अंगठी बोटात रुतलेली होती, ती कापावी लागली.

तुमच्या चुलत्यांच्या वेळी सिस्टरनं केलं असेल तेच आम्ही केलं, म्हणजे दोरीला लगेच हात लावला नाही. कारण आवळलेल्या भागात विष कोंडलेलं असतं आणि रक्त न मिळाल्यानं तिथं इतरही घातक पदार्थ साठतात. ती एकदम सोडली तर सगळा लोंढा एकाच वेळी अंगात शिरतो. रक्तदाब कोसळतो, नागाचं किंवा मण्यारीचं विष असेल तर श्वासाचे स्नायूही थकू शकतात. दोरी न कापण्याचा अर्थ ती बरोबर होती असा नाही. ती बांधल्यामुळे सोडणंही धोक्याचं होऊन बसलं, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टर खाटेशी येईपर्यंत मी डाव्या हाताला सलाईनची सुई लावली आणि २ मिली रक्त काढून काचेच्या कोरड्या, नव्या परीक्षानळीत भरून ती कोणी हलवणार नाही अशा जागी उभी ठेवली. वेळ लिहिली. प्रतिविषाच्या कुप्या आणि अॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग मनगटाचा रुमाल काढला, कारण एकापेक्षा जास्त बंध असतील तर सगळ्यात वरचा ठेवून बाकीचे आधी काढतात. राहिली दोरी. तिच्या वर, दंडावर, बीपीचा पट्टा गुंडाळून फुगवला, दोरी कापली, आणि मग डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा थोडी थोडी सोडली. प्रत्येक वेळी थांबून नाडी, रक्तदाब, श्वास बघायचा. एवढं करूनही त्याचा वरचा रक्तदाब १२० वरून ९० वर आला आणि सलाईन जोरात सोडावं लागलं. हेच रस्त्यात, जीपमध्ये, कोणी विळ्यानं दोरी कापली असती तर सांभाळायला काय होतं?

२० मिनिटांनी नळी एकदाच तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गाठ नव्हती. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतं, ते इथं डोळ्यांना दिसतं. यात नळी काचेचीच लागते, कारण रक्त गोठायला काचेचा स्पर्श कारण होतो. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही, आणि मग गरज नसताना प्रतिविष चढतं. नव्या सिस्टरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

या परीक्षेवर भिस्त ठेवावी लागली तीही त्या दोरीमुळेच. एरवी वाढत जाणारी सूज हे आमच्यासाठी विष चढल्याचं चिन्ह. पण दोरीनंही हात सुजतो. सूज विषाची की दोरीची, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी १० कुप्या सांगितल्या. प्रत्येकीत १० मिली पाणी घालून ती हलकेच फिरवायची, खळखळून हलवायची नाही, फेस होतो. मग सगळं सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात द्यायचं. सुरुवातीला थेंब हळू, आणि पहिली १५ मिनिटं मी खाटेपासून हलत नाही. अंगावर गांधी, खाज, उलटी, घशात आवळल्यासारखं वाटणं, रक्तदाब उतरणं, यातलं काही दिसलं की सलाईन बंद आणि मोठ्या माणसाला अॅड्रेनॅलिन अर्धा मिली मांडीत. त्या दिवशी त्याची गरज पडली नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र मुद्दाम थांबवलं, कारण न गोठणारं रक्त स्नायूत साकळतं. त्यानंतर त्याला १०८ नं पुण्याला पाठवलं, सोबत चिठ्ठी : डसल्याची वेळ, दोरी सोडल्याची वेळ, प्रतिविष सुरू केल्याची वेळ, किती कुप्या, लघवी किती आणि कोणत्या रंगाची. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं बंद पडू शकतात, म्हणून लघवी. पुढची रक्ताची परीक्षा सहा तासांनी तिथं झाली.

माणूस वाचला. पण दोरीखालची कातडी सडली आणि त्या जखमेचं ड्रेसिंग कितीतरी आठवडे चाललं. सापाच्या दातांची जागा त्याआधी भरून आली होती.

तुमच्या चुलत्यांविषयी मी त्या वेळी तिथं नव्हते, तेव्हा छातीठोकपणे बोलणार नाही. पण दोन गोष्टी धरून चाला. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक डसण्यात विष सोडतोच असं नाही. अशा वेळी धोतर बांधलं काय, मंत्र टाकला काय, माणूस वाचतोच, आणि श्रेय जे केलं त्याला जातं. तुमच्या वडिलांनी आणखी एक केलं, त्यांना दवाखान्यात नेलं. त्या केसपेपरवर प्रतिविष दिल्याची नोंद असेल तर मला जरूर सांगा, कारण मग गोष्ट वेगळीच आहे.

मूळ लेखात आज ही भर घातली आहे : बांधू नका, पण कोणी आधीच बांधलं असेल तर रस्त्यात सोडू नका. बांधल्याची वेळ कागदावर किंवा थेट हातावर पेनानं लिहा, आणि पोचल्या पोचल्या सिस्टरला पहिलं वाक्य तेच सांगा. बाहीखाली, पदराखाली दोरी दडलेली असते आणि ती आम्हाला कधी कधी उशिरा दिसते.