पुराचं पहिलं पाणी दारातून नाही, मोरीतून येतं

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि बडोद्यातली कितीतरी घरं बुडली, त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि दोन्ही वेळा नंतर आपण सगळ्यांनी तेच केलं, सोफे बाहेर टाकले, भिंतींना रंग दिला आणि पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मी वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंगची कामं घेतो, त्यामुळे पूर ओसरल्यावर लोकांच्या घरात शिरायची वेळ माझ्यावर येते, आणि मला ठाम वाटतं की पुराचं पाणी घरात शिरू न देण्याच्या कामावर आपल्या शहरात एक सरळ धंदा उभा राहू शकतो. ॲप वगैरे नको, एक प्लंबर, एक वेल्डर, एक गवंडी आणि ड्रिल मशीन, बस.

कारेलीबागेतल्या आमच्या आत्याचंच घर घ्या. रस्त्यापासून जोतं दीड फूट उंच आणि भिंतीवर पाण्याची रेघ घरातल्या फरशीपासून साधारण दोन फुटांवर. आत्या म्हणाली, "अरे दारात गोण्या लावल्या होत्या, तरी आत पाणी आलं कसं?" मी विचारलं, पहिल्यांदा ओलं कुठे झालं? तर मोरीत. नंतर संडासातून बुडबुडे आले, आणि दारातल्या गोण्या भिजायच्या आधी हॉलमध्ये घोट्याएवढं गटाराचं पाणी होतं. बाहेर रस्त्यावरच्या गटारात पाण्याची पातळी वाढली की ते पाईपमधून उलटं घरात चढणारच, त्याला तुमच्या दाराशी काही घेणंदेणं नाही.

म्हणून पहिलं काम चेंबरचं. घराची सगळी घाण ज्या शेवटच्या चेंबरमधून मेन गटाराला जाते तिथे चार इंची लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व बसवायचा. आत एक झडप असते, आतलं पाणी बाहेर जातं पण बाहेरून दाब आला की झडप बंद. ऐकायला सोपं आहे पण इथेच लोक फसतात, कारण आपल्याकडे जुन्या घरांत गच्चीच्या पावसाचा पाईपही त्याच चेंबरला जोडलेला असतो. आता झडप बंद, वरून पाऊस चालू. आठशे चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसात हजार लिटर पाणी होतं, ते जाणार कुठे, तर तुमच्याच मोरीतून वर येणार. म्हणजे व्हॉल्व लावून घर स्वतःच्याच पाण्याने भरलं. त्यामुळे आधी गच्चीचा पाईप तोडून थेट बाहेर अंगणात किंवा रस्त्याकडे काढायचा आणि मगच व्हॉल्व. झडप बंद असेपर्यंत संडास बाथरूम वापरायचं नाही हेही घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं लागतं, म्हाताऱ्या माणसांसाठी वरच्या मजल्यावर काहीतरी सोय लागते.

आणि झडपेत केस, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या अडकतात. अर्धा इंच फट राहिली तरी काम गेलं. मे महिन्यात झाकण उघडून झडप हाताने उचलून सोडून बघायची, आपोआप पूर्ण बसली पाहिजे. हे दरवर्षीचं काम आहे आणि माझ्या मते खरा धंदा यातच आहे, व्हॉल्व एकदाच विकला जातो, साफसफाईचा करार दरवर्षी होतो.

दुसरं काम दाराच्या फळ्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे चॅनल कायमचे बसवायचे आणि पूर आला की त्यात रबर लावलेल्या फळ्या एकावर एक सरकवून वरून कसून टाकायच्या. गळती मधून होत नाही, खाली उंबरठ्याशी होते, कारण कोटा स्टोन कधीच एकसारखा नसतो, तिथे आधी लेव्हल करून घ्यावी लागते. फिटिंग झाल्यावर गिऱ्हाइकासमोर टेस्ट केल्याशिवाय पैसे घेऊ नयेत असं मला वाटतं. बाहेरून ओटल्यावर वीटांचा तात्पुरता बांध घालून पाईपने पाणी भरायचं आणि अर्धा तास आत बसून बघायचं. थोडं झिरपणार, त्यासाठी कोपऱ्यात छोटा पंप आणि इन्व्हर्टर, पण धार लागली तर काम परत.

आता मर्यादा, आणि ही गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायची. तीन साडेतीन फुटी दाराच्या फळीवर बाहेर दोन फूट पाणी असेल तर साधारण १८० किलोचा दाब येतो, तीन फुटांना ४०० किलो, चार फुटांना ७०० च्या वर. उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. हाच दाब भिंतीवरही येतो, आणि साडेचार इंची भिंत आतून कोरडी ठेवायच्या नादात ढासळू शकते. म्हणून घराच्या फरशीपासून फळी दोन फूट, फार तर तीन, आणि पाणी त्याच्या वर जायला लागलं तर फळ्या काढून आत येऊ द्यायचं. ज्यांच्याकडे छातीएवढं पाणी होतं त्यांना फळ्या विकणं पाप आहे, त्यांना मीटर आणि बोर्ड वर घेऊन द्या, सामान चढवायला माळा करून द्या आणि नाही म्हणा.

पावसाळी धंदा आहे, बाकीचे महिने पोरांनी काय करायचं? तर उन्हाळा आहेच ना. तीच टीम फेब्रुवारीपासून मेपर्यंत गच्च्या आणि पत्रे पांढरे करू शकते, भेगा भरणं आणि वॉटरप्रूफिंग तर आधीच येतं. चुना स्वस्त पण एका पावसात जातो, रिफ्लेक्टिव्ह पेंट काही वर्षं टिकतो, मात्र धूळ बसली की पांढरेपणा जातो म्हणून दर उन्हाळ्याआधी धुवायला लागतो (परत करार). गच्चीत ओल असेल तर पोपडे निघतात, म्हणून आधी ओल बघा. फरक दाखवायचा असेल तर दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटर गनने आतून छताचं तापमान आधी आणि नंतर घ्यायचं. फक्त चकचकीत पत्र्यावर गन खोटं कमी दाखवते, तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

गिऱ्हाईक कोण? एकट्या बंगल्यापेक्षा मी सोसायट्या आणि तळमजल्यावरची दुकानं म्हणेन. सोसायटीत एका ब्लॉकने व्हॉल्व लावला आणि शेजारच्याने नाही तर कॉमन लाईनमधून पाणी फिरून येतंच, त्यामुळे काम पूर्ण लाईनचं घ्यावं लागतं आणि कमिटीची मीटिंग पार पडल्याशिवाय एक पैसा मिळत नाही. भाडेकरू खर्च करत नाहीत, मालक दुसऱ्या गावी असतात, तिथे महिन्याचा थोडा हप्ता लावून फळ्या भाड्याने देता येतील, चॅनल मात्र कायमचे बसवायचे. हा हिशेब मी अजून कुणासोबत मांडलेला नाही, कलाभवनातून किंवा आयटीआयमधून निघालेली कोणी दोन-तीन मुलं तयार असतील तर कारेलीबाग, अकोटा, समा या बाजूच्या एखाद्या सोसायटीत उतार काढून चेंबरची पातळी मोजण्यापासून सुरुवात करू, लेव्हल मशीन माझ्याकडे आहे, यंदाच्या मे आधी एक लाईन करून बघता येईल.