अंदाज खोडायचा नाही

‘प्रकाश आणि सावली’ हा उपक्रम कागदावर अगदी गरीब दिसतो. साहित्य : बॅटरी, खडूची डबी, काचेचा ग्लास, मोजपट्टी. अंधाराचा उल्लेख कुठेच नाही, जणू तो शाळेला शासनाकडून मिळतोच. आमच्या चौथीच्या वर्गाला चार खिडक्या, त्यातल्या दोनच बंद होतात. उरलेल्या दोन्हींवर पोषण आहाराच्या पंगतीच्या सतरंज्या टांगल्या. पत्र्याच्या भोकांतून तरीही उन्हाचे गोल कवडसे पडत होते. भोकं वेडीवाकडी आणि कवडसे गोल कसे, हे एका मुलीने विचारलं. ते सूर्याचं चित्र असतं, हे सांगायला गेले असते तर माझा तास तिथेच संपला असता, म्हणून मी तिला नजरेनेच बसवलं.

अंधार पडताच वर्गातल्या निम्म्या लोकांना भुतं आठवली आणि उरलेल्यांनी ती व्हायचं ठरवलं.

डबी उभी धरली तर बरोबर 10 सेमी. बॅटरी भिंतीपासून 90 सेमीवर टेबलावर ठेवली. बॅटरी हलवायची नाही, भिंत हलतच नाही. सरकवायची फक्त डबी. आधी तिन्ही जागांचा अंदाज लिहायचा, मग दिवा लावायचा, मग मोजायचं. पहिला प्रश्न : डबी बॅटरीजवळ नेली तर सावली मोठी होईल, लहान होईल की तेवढीच राहील? बहुतेकांनी ‘लहान’ लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘बाई, जवळ उजेड जास्त, मग सावली घाबरणार ना!’ एकाने अंदाजाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘बाई सांगतील ते’. हा पुढे नोकरीत टिकणार.

दिवा लावला आणि भिंतीवर एका डबीच्या जागी डब्यांची चळतच उमटली. शाळेची बॅटरी चिनी, तिच्या तोंडात बारीक दिव्यांचा घोसच. प्रत्येक दिवा आपापली सावली पाडतो आणि त्या थोड्या थोड्या सरकून एकमेकींवर बसतात. अशा सावलीची कड शोधायची म्हणजे भांडणाला आमंत्रण. मग बॅटरीच्या तोंडावर काळा कागद लावून मधोमध पेन्सिलीएवढं भोक पाडलं. उजेड कमी झाला, पण डबीला एकच सावली राहिली.

डबी मधोमध, म्हणजे बॅटरीपासून 45 सेमीवर : सावली 20. डबी 30 वर : सावली 30. डबी 15 वर आणली तर सावली 60! ‘ओ’ असा आवाज निघाला आणि त्यापाठोपाठ दुसरा, जास्त ओळखीचा आवाज आला : खसखस, खसखस. सगळ्या वह्यांवर खोडरबर चालत होते. ‘लहान’ पुसून ‘मोठी’ लिहिलं जात होतं. दोन मिनिटांत वर्गातल्या प्रत्येकाला सगळं आधीपासूनच माहीत होतं. पुढच्या प्रश्नाआधी मी रबर गोळा केले आणि अंदाज पेनानेच लिहायला लावले. हा उपक्रम घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं. चुकलेला अंदाजच दिसला नाही, तर कोणाच्या डोक्यात काय होतं ते बाईंना कसं कळणार?

60 वरूनही तंटा झालाच. डबी दिव्याच्या इतकी जवळ असली की भोकाचा आकार नडतो आणि कड दोन-अडीच सेमी पुसट होते. एक म्हणे 59, दुसरी म्हणे 61. पुसट पट्ट्याच्या मध्यावर मोजायचं असं ठरलं, तरी दोघं तासभर एकमेकांशी बोलली नाहीत.

मग ग्लास. ‘पारदर्शक आहे, सावली पडणार नाही,’ असं सगळ्यांनी पेनाने, ठामपणे लिहिलं. आम्ही तो पाण्याने भरून ठेवला. भिंतीवर दोन्ही कडांना काळ्या सावल्या आल्या आणि मध्ये उजेडाची उभी झळझळीत रेघ. ‘बाई, सावली पेटली!’ पाण्याने भरलेला गोल ग्लास भिंगासारखा उजेड गोळा करतो. कडांवरचा उजेड वळून भलतीकडे गेला म्हणून तिथे काळं. हे सांगेपर्यंत अर्ध्यांना तेच पाणी प्यायची तहान लागली.

शेवटचा प्रश्न होता : डबी भिंतीला टेकवली तर सावली किती? उत्तरसूची म्हणते, डबीएवढीच, 10 सेमी. शेवटच्या बाकावरच्या महाशयांनी डबी टेकवली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘बाई, सावली डबीच्या मागे गेली. मोजायला डबी काढली तर सावलीपण जाते.’

मी म्हटलं, डबीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मार आणि ती मोज. त्याने रेघ मारली, मोजली, 10 लिहिलं आणि वही पुढे करत विचारलं, ‘पण बाई, ही मी सावली मोजली की डबी?’

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी दार उघडलं आणि लाइट गेली का म्हणून चौकशी केली.