पाठ केलेली पीडीएफ आणि हुकलेली तारीख

"सेल्सफोर्स अ‍ॅडमिनची परीक्षा म्हणजे तीनशे प्रश्नांची पीडीएफ पाठ करायची आणि जाऊन बसायचं. कोडिंगवाल्यांचं काम आहे ते, सेल्स ऑपरेशन्सवाल्यांना उपयोग शून्य. एकदा पास झालं की सर्टिफिकेट कायमचं. दरवर्षी अपडेटचे मेल येतात ते कोर्स विकायला, लक्ष देऊ नका."

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नोकरीच्या ग्रुपांवर हा मजकूर गेल्या महिन्यात माझ्याकडे चार वेळा आला. मी रत्नागिरीत आंब्याचा पल्प आणि काजू विकणाऱ्या कंपनीत सेल्स ऑपरेशन्स बघते, आणि सेल्सफोर्स या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची ही परीक्षा स्वतः दिली आहे. आमच्याकडची दोन मुलं हे वाचून पीडीएफ शोधायला लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

कोडिंगचा मुद्दा आधी संपवते. या परीक्षेत कोड लिहावा लागत नाही, वाचावाही लागत नाही. कोणाला काय दिसावं, कोणती माहिती भरणं सक्तीचं करावं, रिपोर्ट कसा बांधावा, मंजुरी कोणाकडे जावी, हे सगळं सेटअपमध्ये क्लिक करून ठरवण्याचं काम आहे. सेल्स ऑपरेशन्समध्ये आपण रोज ज्यावरून भांडतो, तेच. परीक्षेला बसण्यासाठी पदवीची किंवा आधीच्या सर्टिफिकेटची अटही नाही.

आता पाठांतर. गुण धरले जाणारे प्रश्न ६०, वेळ १०५ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ६५ टक्के, म्हणजे ३९ उत्तरं बरोबर हवीत. शिवाय पाचपर्यंत असे प्रश्न असू शकतात ज्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. काही प्रश्नांना दोन-तीन उत्तरं निवडायची असतात. किती निवडायची ते प्रश्नातच लिहिलेलं असतं, आणि त्यातलं एक चुकलं तर पूर्ण प्रश्न गेला. बहुतेक प्रश्न छोट्या प्रसंगावर असतात. पाठांतर नेमकं तिथे कोसळतं, ते आमच्याच कामातल्या प्रसंगावरून दाखवते.

चिपळूणचा आणि कणकवलीचा असे दोन सेल्समन आहेत. दोघांनी एकमेकांच्या डील बघायच्या नाहीत. रत्नागिरीच्या मॅनेजरला दोघांच्याही दिसाव्यात. ऑपरेशन्सच्या बाईला कोकणातल्या सगळ्या डील दिसाव्यात, पण बदलता येऊ नयेत, आणि पुण्याच्या तिला दिसूही नयेत. काय कराल?

सुरुवात सगळ्यात घट्ट जागेपासून करायची. ऑपॉर्च्युनिटी म्हणजे सेल्सफोर्समधली डीलची नोंद. तिचं मूळ शेअरिंग प्रायव्हेट ठेवायचं, म्हणजे ज्याची डील त्यालाच दिसेल, कारण त्यानंतरचे शेअरिंग रूल फक्त दार उघडू शकतात, बंद करू शकत नाहीत. मूळ सेटिंगच सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलं, तर पुण्याच्या डील लपवायला कुठलाही शेअरिंग रूल कामाला येणार नाही. मॅनेजरचं काम रोल हायरार्की, म्हणजे पदांची उतरंड करते, तो दोघांच्या वर आहे. ऑपरेशन्ससाठी एक शेअरिंग रूल लागतो: कोकण या रोलच्या आणि त्याखालच्या लोकांच्या मालकीच्या डील, ऑपरेशन्सच्या ग्रुपला, फक्त वाचण्यापुरत्या.

पर्यायांमध्ये सगळ्यांच्याच डील दाखवणारी `View All` ही परवानगीही असते आणि ती फार मोहात पाडते. त्याने डील दिसतात, पण पुण्याच्यासुद्धा दिसतात. आता प्रश्नातला एकच शब्द बदला. पुण्याची अट काढून "सगळ्या डील दिसाव्यात" म्हणा, तर तोच `View All` योग्य उत्तर ठरू शकतो. "कोकणातल्या डीलची स्टेज बदलता यावी" म्हणा, तर रूल वाचणं आणि लिहिणं दोन्हींचा करावा लागेल, आणि तिच्या प्रोफाइलमध्ये किंवा परमिशन सेटमध्ये ऑपॉर्च्युनिटीवर एडिटचा हक्कही लागेल. दोन्हींपैकी जे कमी, तेवढंच मिळतं. पाठ करणाऱ्याला "शेअरिंग रूल" एवढंच आठवतं आणि तो गुण घालवतो. शिवाय असा खऱ्या प्रश्नांचा साठा वापरणं परीक्षेच्या करारात निषिद्ध आहे. सापडलं तर मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं.

हेच ज्ञान कामात कसं लागतं, तेही सांगते. आमच्या दोघा सेल्समनच्या हिशेबाने उघड्या डील १८ आणि १३, एकूण ३१. माझ्या रिपोर्टमध्ये १८. आधी मी रिपोर्टचा फिल्टर बघितला, "माझ्या डील" तर लागलं नाही ना? तो बरोबर होता. रिपोर्ट बघणाऱ्याला जे रेकॉर्ड दिसू शकतात तेवढेच मोजतो, म्हणजे कणकवलीच्या १३ मला दिसतच नव्हत्या. आमच्या अ‍ॅडमिनने त्यातली एक डील उघडून ती कोणाकोणाला दिसते हे दाखवणारं `Sharing Hierarchy` बघितलं, तर यादीत ऑपरेशन्सचा ग्रुपच नाही. कारण साधं निघालं: तो मुलगा नवीन, आणि त्याचं यूजर खातं बनवताना रोल गोव्याचा दिला गेला होता. आमचा रूल कोकणच्या रोलवर होता. रोल बदलला आणि रिपोर्ट ३१ वर आला. हे माहीत नसतं तर मी त्या पोराला "नोंदी का करत नाहीस" म्हणून दोन आठवडे बोलत राहिले असते.

शेवटचा मुद्दा सर्वात जास्त नुकसान करणारा आहे. सर्टिफिकेट टिकवायचं तर वर्षातून एकदा ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्या शिकण्याच्या वेबसाइटवरचं देखभालीचं छोटं मॉड्यूल पूर्ण करावं लागतं. ते फुकट आहे. वर्षभरात प्रणालीत जे बदललं ते वाचायचं आणि दिलेला सराव करून दाखवायचा, साधारण एका संध्याकाळचं काम. तारीख हुकली तर सर्टिफिकेटची मुदत संपते, आणि ते परत हवं असेल तर पूर्ण परीक्षा नव्याने. त्या परीक्षेचं मूळ शुल्क २०० डॉलर आहे, वर कर.

अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, सराव कंपनीच्या चालू सिस्टिममध्ये करायचा नसतो, ट्रेलहेड देतं त्या फुकटच्या प्लेग्राउंडमध्ये करायचा असतो. एकापेक्षा जास्त प्लेग्राउंड असतील तर काम एकात आणि तपासणी दुसऱ्यात असं होतं. फील्डचं नाव सूचनेतल्यासारखं अक्षरशः हवं. `Pulp_Grade__c` मागितलं आणि तुम्ही `PulpGrade__c` केलं, तर तपासणी नापास करते, बाकी सगळं बरोबर असलं तरी. नवीन प्लेग्राउंड घेऊन पुन्हा केलं की बहुतेक वेळा सुटतं.

दुसरी अडचण ईमेलची. माझ्या एका सहकाऱ्याने परीक्षा आधीच्या कंपनीच्या ईमेलवर दिली होती आणि ट्रेलहेडचं खातं स्वतःच्या जीमेलवर होतं. मॉड्यूल केलं, बॅज मिळाला, पण सर्टिफिकेट दुसऱ्या खात्यावर असल्याने त्याची नोंदच लागली नाही. आठवणीचे मेल जुन्या ऑफिसच्या पेटीत जात होते, ती त्याला उघडता येत नव्हती. मुदत संपल्याचं कळलं ते मुलाखत घेणाऱ्याने पडताळणीच्या पानावर त्याचं नाव टाकल्यावर.

म्हणून परीक्षेची नोंदणी करतानाच स्वतःचा ईमेल द्या आणि ट्रेलहेडचं खातं त्याच्याशी जोडलेलं आहे ना, हे बघा. आधीच पास असाल तर आज ट्रेलहेडवर लॉगिन करून सर्टिफिकेटच्या भागात देखभालीची तारीख बघा आणि तिच्या महिनाभर आधीची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आणि परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायची ठरवली असेल, तर जुलै-ऑगस्ट टाळा. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यापेक्षा आदल्या रात्री गाडी पकडून मुंबईचं केंद्र गाठलं होतं.