6/6 दिसत असताना पडदा का तपासायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

ऐरोलीहून एका वाचकांची प्रतिक्रिया:

"डॉक्टर, तुमचा लेख वाचून घरात उगाच घबराट झाली. माझ्या मेहुण्यांना एचआयव्ही आहे, सीडी-4 फक्त 38 आला होता. एआरटी सुरू होऊन दोन महिने झाले, वजन वाढतंय, दिसतंय अगदी 6/6. डोळे एकदा तपासून झालेत. तरीही दर तीन महिन्यांनी ठाण्याला या, थेंब घाला, दिवसाची मजुरी बुडवा, हे कशासाठी? यात रुग्णाचं भलं कमी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं जास्त दिसतं."

नमस्कार. एचआयव्ही असेल तर दृष्टी 6/6 असली तरी दर तीन महिन्यांनी थेंब घालून पडदा तपासून घ्या, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यात एक उणीव राहिली होती, ती आधी मान्य करतो. ही तपासणी एचआयव्ही असलेल्या सगळ्यांसाठी नाही, हे मी ठळकपणे लिहायला हवे होते. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच आणि एरवी तो मुकाट पडून राहतो. रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-4 पेशी 50 च्या खाली गेल्या की मात्र तो डोके वर काढतो आणि डोळ्याचा पडदा ही त्याची आवडती जागा आहे. ज्यांचा आकडा 300 आहे त्यांनी माझ्या लेखाने झोप घालवण्याचे कारण नव्हते. आपल्या मेहुण्यांचा आकडा 38 असल्यामुळे त्यांच्याबाबत मात्र मी माझे म्हणणे मागे घेणार नाही.

का, ते एका रुग्णावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कळव्याचे एक रिक्षाचालक, वय चाळिशीच्या आत, सीडी-4 31. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू होताना ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचली. थेंबांनी बाहुली मोठी करून पाहिल्यावर पडद्याच्या मधल्या भागात कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे दोन-तीन पांढरे ठिपके दिसले. एचआयव्हीमध्ये असे ठिपके पुष्कळदा आढळतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह अडल्यामुळे येतात, वाढत नाहीत आणि काही आठवड्यांत आपोआप विरून जातात. अडचण एवढीच की सीएमव्हीचा अगदी कोवळा डाग कधीकधी तसाच दिसतो, आणि दोघांतला फरक दुसऱ्यांदा पाहिल्यावरच नक्की कळतो, कारण एक विरतो आणि दुसरा पसरतो. मी त्यांच्या कागदावर 'दृष्टी 6/6, पुन्हा दाखवावे' असे लिहिले. घरच्यांनी त्यातले 6/6 तेवढे वाचले. तारीख न घालता 'पुन्हा दाखवावे' लिहिणे ही माझीच चूक होती.

ते आले तब्बल दहा आठवड्यांनी, तेही चष्म्याच्या नंबरासाठी. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, तक्ता पुन्हा 6/6. जुने ठिपके नाहीसे झाले होते, पण डाव्या डोळ्याच्या पडद्यावर वरच्या बाजूला, कानाकडच्या अंगाला, रक्तवाहिनीच्या कडेने पिवळट-पांढरा, मध्येमध्ये रक्ताचे शिंतोडे असलेला एक पट्टा उमटला होता. त्याची कड दाणेदार होती. वणवा जसा कडेकडेने पुढे सरकतो तसा हा आजार सरकतो आणि मागे उरतो तो मेलेला, कागदासारखा पातळ पडदा.

मग त्यांना काहीच का जाणवले नाही? तक्ता वाचताना आपण पडद्याच्या अगदी मधला, टाचणीच्या डोक्याएवढा भाग वापरतो, त्यामुळे बाकीचा पडदा जळत असला तरी 6/6 येऊ शकते. दुसरे म्हणजे, पडद्यावरची प्रतिमा उलटी पडते. वर आणि कानाकडे असलेल्या डागामुळे खालचे आणि नाकाकडचे दृश्य जाते, आणि नेमका तोच भाग दुसरा डोळा भरून काढतो. मी त्यांचा उजवा डोळा झाकला, माझ्या नाकाकडे बघायला सांगितले आणि त्यांच्या उजवीकडून, खालच्या बाजूने बोट हळूहळू आत आणले. एका टप्प्यावर ते म्हणाले, "आता गेलं," आणि जरा पुढे, "आता आलं." तोवर त्यांना त्या पोकळीचा पत्ताच नव्हता.

तीन महिन्यांचा हिशेबही सांगतो. औषधाविना या डागाची कड सरासरी दिवसाला सुमारे 24 मायक्रॉन सरकते, म्हणजे सहा आठवड्यांत साधारण एक मिलिमीटर आणि तीन महिन्यांत दोन. डाग कडेला असेल तर दोन मिलिमीटर गमावणे परवडते. तोच मध्यबिंदूजवळ असेल तर मुळीच परवडत नाही आणि रुग्णाला सरळ डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून ठिपके शंकास्पद वाटले की मी आता दोन-तीन आठवड्यांनीच परत बोलावतो, आणि पडदा स्वच्छ असेल तरच तीन महिने थांबतो.

एआरटीबद्दल आपले म्हणणे लांब पल्ल्यात अगदी बरोबर आहे, कारण या आजारावरचे खरे औषध तेच आहे. पण पेशी वाढायला महिने लागतात आणि डोळ्याच्या दृष्टीने सुरुवातीचे हेच महिने धोक्याचे असतात. वजन वाढले म्हणजे पडदा सुरक्षित झाला, असे होत नाही.

त्या रिक्षाचालकांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या 450 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, तीन आठवडे दिल्या आणि नंतर त्याच दोन गोळ्या दिवसातून एकदाच. गोळ्या स्वस्त नाहीत, शिवाय त्यांनी पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागले. केवळ डोळ्यातल्या इंजेक्शनवर भागवले असते तर खर्च कमी झाला असता, पण इंजेक्शन त्या एका डोळ्यापुरतेच काम करते, दुसरा डोळा आणि आतडी उघडीच राहतात. एआरटी चालू ठेवले. सीडी-4 100 च्या वर जाऊन काही महिने तिथेच टिकल्यावर गोळ्या थांबवल्या. 6/6 आजही आहे. गेलेला तुकडा मात्र परत आला नाही आणि येणारही नाही. त्या पातळ पडद्याला भोक पडून तो सुटण्याची भीतीही उरतेच, म्हणून ते अजून येत असतात.

कमाईबद्दल एवढेच, की या तपासणीला महागडे स्कॅन लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब, डोक्यावर बांधायचा दिवा आणि हातातले भिंग पुरते, आणि पडद्याच्या कडेपर्यंत पाहू शकणारे कुठलेही डॉक्टर ती करू शकतात. माझ्याकडेच यायला हवे असे नाही, घराजवळ सोय असेल तर उत्तमच. फक्त आधीची तपासणी थेंब घालून झाली होती का, हे मेहुण्यांना विचारा. नुसत्या बॅटरीने आणि तक्त्याने झाली असेल तर ती या कामासाठी धरू नका आणि याच आठवड्यात पडदा दाखवा. थेंब घालून झाली असेल आणि पडदा स्वच्छ होता असे कागदावर असेल, तर त्या तारखेपासून तीन महिने मोजा. मधल्या काळात त्यांनी रोज सकाळी एकेक डोळा झाकून समोरच्या दरवाजाची चौकट बघावी. नवे काळे ठिपके तरंगताना दिसले, प्रकाश चमकला, किंवा चौकटीचा एखादा कोपरा गायब वाटला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. सीडी-4 100 च्या वर जाऊन टिकला की या खेपा बंद करता येतील.

येताना सीडी-4 चा शेवटचा कागद बरोबर असू द्या. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा मेहुण्यांनी स्वतः दुचाकी चालवत येऊ नये. ऐरोलीहून लोकलने यावे आणि कुणाला तरी सोबत आणावे.